नव्या क्लासची वेबसाइट: आधी कोणाला काय विचारायचं

नवा क्लास काढणारे लोक वेबसाइट बनवणाऱ्याला पहिला फोन करतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: "कितीला पडेल?" उत्तरही लगेच मिळतं. पाच पानांची एवढ्याला, दहा पानांची तेवढ्याला, ॲप हवं असेल तर वेगळे. दोन-तीन आठवड्यांत वेबसाइट उभी राहते. तिच्यावर विकत घेतलेल्या फोटोंमधली अनोळखी मुलं हसत असतात, 'आमचं ध्येय' नावाचं पान असतं, गुणवत्तेचं आणि वैयक्तिक लक्षाचं आश्वासन असतं. बॅच किती वाजता सुटते, हे मात्र कुठेच नसतं. जून उलटतो. वेबसाइटमुळे एक तरी मूल आलं का, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, कारण ते मोजायचं आहे हे कधी ठरलेलंच नव्हतं.

हे पैसे वाचवायचे असतील तर पहिला फोन करण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. क्लासला या वर्षी नेमकं काय साधायचं आहे, क्लास निवडणारे पालक कसे निवडतात आणि आजूबाजूचे क्लास त्यांना काय दाखवतात. तिन्हींची उत्तरं संगणकासमोर बसून मिळत नाहीत. थोडी वहीत हिशेब मांडून मिळतात, बरीचशी पालकांशी बोलून आणि उरलेली गल्लीत फिरून.

उदाहरण म्हणून डोंबिवली पश्चिमेला क्लास काढणारं एक शिक्षक जोडपं घेऊ. हे उदाहरण कुणा एका घराचं नाही. अशा कामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. सर गणित शिकवतात, मॅडम इंग्रजी आणि समाजशास्त्र. काही वर्षं घरीच शिकवण्या घेतल्या, सध्या अकरा मुलं आहेत. आता दोन खोल्यांची जागा भाड्याने घेऊन आठवी ते दहावी, राज्य मंडळ, सेमी आणि मराठी माध्यम असा क्लास सुरू करायचा आहे. एका खोलीत वीस मुलं, एकूण तीन बॅच, म्हणजे साठ जागा.

"मुलं वाढवायची" हे उद्दिष्ट नव्हे

काय साधायचं आहे, असं विचारलं की सर म्हणतात, "मुलं वाढवायची आणि नाव व्हायला हवं." ही इच्छा झाली. तिच्यावरून वेबसाइटवर काय ठेवायचं आणि काय टाळायचं हे ठरत नाही. म्हणून वही घ्यायची आणि खर्चापासून सुरुवात करायची.

भाडं महिना २८ हजार. विज्ञानाला एक अर्धवेळ शिक्षक लागेल, त्याचे १५ हजार. वीज, इंटरनेट, छपाई, साफसफाई मिळून ७ हजार. महिन्याला पन्नास हजार, वर्षाला सहा लाख. फी आठवीला १६ हजार, नववीला २० आणि दहावीला २४ धरली आणि तिन्ही वर्ग सारखे भरले तर सरासरी २० हजार पडते. म्हणजे तीस मुलं आली की खर्च निघतो, पण सर आणि मॅडमना हातात काहीच राहत नाही. दोघांनी महिना प्रत्येकी वीस हजार घ्यायचे म्हटलं की वर्षाचा आकडा १० लाख ८० हजारांवर जातो आणि चोपन्न मुलं लागतात. साठ जागांतल्या चोपन्न पहिल्याच वर्षी भरणं अवघड आहे. बचतीवर वर्षभर निभेल असं दोघांचं मत पडतं, म्हणून पहिल्या वर्षीचं उद्दिष्ट ठरतं तीस. सध्याच्या अकरांपैकी नऊ जण सोबत येतील असं धरलं, तर नवी एकवीस मुलं हवीत.

एकवीस हा आकडा हाती आला की बोलणंच बदलतं. गेल्या वर्षी घरच्या शिकवणीला किती जणांनी विचारलं आणि त्यांतले किती आले? मॅडमच्या जुन्या डायरीत नोंदी सापडतात: साधारण अठरा जणांनी विचारलं, सहा आले. तिघांमागे एक. त्या हिशेबाने एकवीस प्रवेशांसाठी त्रेसष्ट चौकश्या लागतील. हा अंदाज कच्चा आहे, पण स्वतःच्या डायरीतला आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या यशोगाथेतल्या टक्क्यांपेक्षा तो बरा.

आता वेबसाइटबद्दलच्या कितीतरी कल्पना आपोआप गळतात. विद्यार्थ्यांना लॉग-इन, ऑनलाइन चाचण्या, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, फी भरण्याची सोय. तीस मुलांच्या क्लासला यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. तीस पालकांचा एक व्हॉट्सॲप गट आणि यूपीआयचा एक क्यूआर कोड पुरतो. या एकेका सोयीवर तासभर वाद घालण्यापेक्षा "यामुळे एकवीसपैकी एक तरी मूल येईल का?" असं विचारलं की उत्तर मिनिटभरात मिळतं.

उद्दिष्टाला तारीखही लागते. दहावीचे वर्ग बहुतेक क्लासांत जूनची वाट पाहत नाहीत. नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच सुट्टीतली बॅच सुरू होते, त्यामुळे दहावीसाठी क्लासचा शोध फेब्रुवारी-मार्चमध्येच लागतो. चौकश्यांची एक लहान लाट दिवाळीनंतरही येते, सहामाहीचे गुण हातात पडल्यावर. वेबसाइट एप्रिलमध्ये तयार झाली तर त्या वर्षीची दहावी हातातून गेलेली असते. जानेवारीच्या मध्याला ती सुरू हवी. बनवायला दीड महिना धरला, तर ही सगळी विचारपूस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकायला हवी. "लवकरात लवकर" या शब्दांवरून हे वेळापत्रक कधीच निघालं नसतं.

इथे कायद्याची एक बाब आधीच तपासायला हवी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारं केंद्र त्यांत कोचिंग सेंटर मानलं आहे. अशा केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, माणशी किमान एक चौरस मीटर जागा असावी, शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, फी आणि फी परत करण्याचे नियम वेबसाइटवर असावेत, असं त्यांत म्हटलं आहे. ही तत्त्वं राज्यांनी अमलात आणायची आहेत. त्यामुळे आठवी ते दहावीचा क्लास काढणाऱ्याने चोपन्नचं उद्दिष्ट लिहिण्याआधी राज्याच्या शिक्षण विभागाचे सध्याचे नियम काय आहेत, हे विचारून घ्यावं. आमच्या जोडप्याचं पहिल्या वर्षीचं तीसचं उद्दिष्ट त्या रेषेच्या आत आहे, दुसऱ्या वर्षीचं नाही.

पालकांशी बोलणं

पालकांना काय हवं हे आपल्याला माहीत आहे, अशी शिक्षकांची खात्री असते. वर्षानुवर्षं पालकांशी बोलल्यामुळे ती आलेली असते, पण ते बोलणं झालेलं असतं मूल क्लासला आल्यानंतर, अभ्यासाबद्दल. निवडीच्या काळात, म्हणजे चार नावं डोक्यात घोळत असताना पालक काय करतात, हे शिक्षकांनी पाहिलेलं नसतं. नेमकं तेच जाणून घ्यायचं आहे.

आठ-दहा पालक पुरतात. पण ते कोण, हे महत्त्वाचं. आपल्याकडे मूल असलेले तीन पालक घ्या. ते प्रेमापोटी गोड बोलणार, हे धरून चाला. ज्यांनी चौकशी केली पण आले नाहीत असे दोन-तीन शोधा, डायरीत त्यांचे नंबर असतात. दुसऱ्या क्लासला मूल घालणारे तीन, ओळखीतून. मूल मधेच काढून घेतलेले एखादे पालक बोलायला तयार झाले तर त्यांना सोडू नका, कारण सगळ्यांत खरं तेच सांगतात. त्यांच्याशी शिक्षकांनी स्वतः न बोललेलं बरं. संकोचाने माणसं "नाही हो, तसं काही नव्हतं" म्हणून विषय संपवतात. घरातलं किंवा ओळखीतलं दुसरं कुणी बोललं की जीभ सैल होते.

प्रश्न विचारण्याची एक शिस्त आहे. "आमची वेबसाइट झाली तर बघाल का?" असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात आणि त्या होकारावर कुणी विसंबू नये. माणसाला उद्या काय करेन हे नीट सांगता येत नाही, काल काय केलं हे मात्र सांगता येतं. म्हणून विचारायचं: "ताई, मुलाला मागच्या वर्षी क्लासला घातलंत, ते कसं ठरलं? पहिलं नाव कुणाकडून कळलं? मग तुम्ही काय केलंत? किती ठिकाणी गेलात? कुठे मन खट्टू झालं? शेवटी होकार घरात कुणी दिला?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. आपल्या क्लासची माहिती मधेच सांगायला लागलं की समोरचा माणूस पाहुण्यासारखा वागायला लागतो.

डोंबिवलीसारख्या ठिकाणी अशा गप्पांतून जे निघतं ते त्या गावाच्या दिनक्रमातून येतं. घरातले दोघंही नोकरीला, सकाळी लोकलने ठाण्याला किंवा मुंबईला. परत यायला आठ, कधी साडेआठ. क्लासचं नाव कळतं शेजारणीकडून, नाहीतर शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर. मग एक आई सांगते, "नाव कळल्यावर गाडीतच गूगलवर टाकलं. आधी कुठे आहे ते बघितलं. पूर्वेला निघालं, म्हणून सोडून दिलं." स्टेशनने गाव दोन भागांत चिरलेलं असल्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत मुलांनी पूल ओलांडून पलीकडे जाऊ नये, असं बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. दुसरे वडील म्हणतात, "रात्री साडेदहाला निवांतपणा मिळतो. तेव्हा फोन कसा करणार? मग राहूनच जातं." तिसऱ्या आईला काळजी असते की मुलगी साडेआठनंतर एकटी घरी कशी येईल. चौथीच्या मुलाची शाळा दुपारची, त्यामुळे संध्याकाळची बॅच तिला चालतच नाही, पण हे कळायला तिला तीन क्लासच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. "बोर्डावर एका सरांचं नाव, शिकवतात दुसरेच." म्हणजे पालकाला वर्गात प्रत्यक्ष कोण उभं राहतं हे हवं असतं. बॅचमध्ये मुलं किती, हे हवं असतं. फी हवी असते, आणि ती विचारायची वेळ येईपर्यंत लपवून ठेवली तर शंका येते. एका पालकाने सांगितलेली गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे: "फोनवर फी सांगत नाहीत, भेटायला या म्हणतात. मी शनिवारी अर्धा दिवस घालवून गेलो आणि फी आमच्या आवाक्याबाहेरची निघाली."

मुलांचं म्हणणंही ऐकावं, पण आई किंवा वडील समोर असताना. आठवीत निर्णय आईवडिलांचा असतो. दहावीपर्यंत तो बराचसा मुलाच्या हातात गेलेला असतो, आणि मूल बघतं मित्र कुठे जातात ते. याचा अर्थ दहावीची मुलं एकेक करून कमी आणि दोघं-तिघं मिळून जास्त येतात. डेमो लेक्चरला मित्राला सोबत आणू द्यावं, एवढी साधी गोष्ट त्यातून सुचते. वेबसाइटवर ते एका ओळीत लिहिता येतं.

किती पालकांनंतर थांबायचं? सलग तिघांकडून नवं काहीच कळलं नाही की थांबावं. बहुधा आठव्या-नवव्या पालकापाशी ही वेळ येते.

आता वहीतल्या उद्दिष्टाकडे परत जावं लागतं, कारण या गप्पांनी त्यातली एक चूक उघडी पाडलेली असते. सरांनी धरलं होतं की वेबसाइट अनोळखी पालकांना खेचून आणेल आणि त्रेसष्ट चौकश्यांपैकी निदान वीस तिथून येतील. पण नाव कळतं शेजारणीकडून. वेबसाइट उघडली जाते नाव कळल्यानंतर, खातरजमा करायला, आणि तिथे ठिकाण, वेळ, फी, शिक्षक यांपैकी एखादं उत्तर सापडलं नाही की नाव मागे पडतं. म्हणजे या वेबसाइटचं मुख्य काम आहे नाव ऐकलेल्या पालकाला हातातून निसटू न देणं. ज्यांना वेळ किंवा फी जमणार नाही ते घरबसल्या बाजूला होतील, आणि जे चौकशी करतील ते निम्मे ठरवूनच येतील. तिघांमागे एकाऐवजी दोघांमागे एक प्रवेश झाला, तर एकवीस मुलांसाठी त्रेसष्टच्या जागी बेचाळीस चौकश्या पुरतात. चौकश्या वाढवण्याच्या जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा हे प्रमाण सुधारणं स्वस्त आहे. मोजायचं काय, तेही ठरलं: किती जणांनी विचारलं, किती आले, आणि प्रत्येकाला "आमचं नाव कुठून कळलं?" हा एक प्रश्न. रजिस्टरमध्ये तीन रकाने.

स्पर्धक कोण

सरांना स्पर्धक विचारला की ते शहरभर शाखा असलेल्या मोठ्या नावाच्या क्लासकडे बोट दाखवतात. त्यांची वेबसाइट झगमगीत, म्हणून आपलीही तशीच हवी. पण पालकांनी गप्पांत कोणती नावं घेतली ते वहीत बघावं. बहुतेकांच्या यादीत असतात पायी पंधरा मिनिटांच्या आतले दोन-तीन जुने क्लास, आणि पलीकडच्या इमारतीत शिकवणाऱ्या निवृत्त बाई. त्या बाईंची वेबसाइट नाही, पाटीही नाही, तरी सगळ्यांत जास्त पालक तिकडे वळतात. एक पर्याय क्लास न लावण्याचाही असतो: घरीच अभ्यास आणि यूट्यूब. खरी तुलना या सगळ्यांशी होणार आहे. त्या झगमगीत साइटची नक्कल करून तिचं बजेट येत नाही आणि बाईंकडून वळणारा पालकही येत नाही.

पाहणीची सुरुवात फोनवरून करावी, तीही त्या भागात उभं राहून. गूगल नकाशा जवळच्या जागा आधी दाखवतो, त्यामुळे ठाण्यात बसून शोधलं तर दिसणारी यादी डोंबिवलीच्या पालकाला दिसणाऱ्या यादीसारखी नसते. ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, म्हणजे आपल्या जुन्या शोधांची छाया पडत नाही. पालकांनी जे शब्द वापरले तेच टाइप करावेत, उदाहरणार्थ `10th semi english classes dombivli west`. टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनाही टिपून घ्याव्यात, लोक काय शोधतात त्याचा तो थेट मागोवा असतो. किती जण एखादा शब्द शोधतात हे सांगणारी मोठी साधनं एका उपनगराच्या एका भागासाठी फारशी उपयोगाची नाहीत. आकडे इतके लहान असतात की त्यांतून काही कळत नाही.

वर दिसणाऱ्या सात-आठ क्लासची प्रत्येकी एक ओळ करावी. पत्ता नकाशावर बरोबर आहे का? वेळ लिहिली आहे का? शेवटचं परीक्षण कधीचं? वेबसाइट असेल तर फोनवर उघडून बघावी: फी आहे का, बॅचमधली संख्या, शिक्षकांची नावं, आणि सर्वांत ताजी गोष्ट कोणत्या वर्षाची आहे. परीक्षणांतली पाच ताऱ्यांची वाचण्यात वेळ घालवू नये. एकाच आठवड्यात आलेली, एकाच धाटणीची दहा कौतुकं दिसली तर ती बहुधा मागून घेतलेली असतात. दोन आणि तीन ताऱ्यांची परीक्षणं मात्र शब्द न् शब्द वाचावीत. तिथे लिहिणारा पालक रागावलेला कमी आणि निराश जास्त असतो, त्यामुळे नेमकं लिहितो: पेपर तपासून महिनाभर मिळाले नाहीत, शिक्षक वर्षात दोनदा बदलले, बॅच वीसची सांगून चाळीसची केली.

काही जण खोटे पालक बनून दुसऱ्या क्लासला फोन करतात. ते करू नये. समोरच्याचा वेळ फसवून घेणं आहे ते, आणि एकाच भागातल्या शिक्षकांत अशा गोष्टी लपत नाहीत. जे खरोखर तिथे जाऊन आले त्या पालकांनी आधीच सगळं सांगितलेलं असतं. उरलेलं रस्त्यावर दिसतं. संध्याकाळी बॅच सुटताना समोर दहा मिनिटं उभं राहिलं की मुलं किती ते कळतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याशी बोलावं, कोणत्या क्लासच्या नोट्सना किती मागणी असते आणि कोणत्या महिन्यात ती घटते याचा अंदाज त्याला असतो.

सातही ओळी भरून झाल्यावर तक्ता समोर ठेवला की एक चित्र दिसतं. सातपैकी सहांनी पहिल्याच पडद्यावर गुणवंतांचे फोटो लावले आहेत. फी एकानेही लिहिलेली नाही. शिक्षकांची नावं दोघांकडे आहेत, बॅचमधली संख्या एकाकडेही नाही. पालकांना जे हवं होतं आणि क्लास जे दाखवतात, त्यांत हे एवढं अंतर आहे.

नव्या क्लाससाठी हे अंतर फार मोलाचं आहे, कारण त्याच्याकडे निकालांची भिंत नसतेच. इथेच बहुतेक नवे क्लास घसरतात. गुणवंत नाहीत म्हणून घरच्या शिकवणीतल्या दोन मुलांचे फोटो, सर पूर्वी ज्या क्लासला शिकवत होते तिथल्या मुलांचे टक्के, आणि वर "१००% निकालाची हमी". यातली प्रत्येक गोष्ट अडचणीत आणू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि ती संमती निकालानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या अर्जावर आधीच सही घेऊन ठेवणं चालत नाही. त्यांची व्याख्याही पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांची आहे. पण तीस मुलांच्या क्लासने खोटं सांगावं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पन्नाशी ओलांडणारच आहे.

निकाल नाहीत, तर दाखवायचं काय? उत्तर पालकांच्या गप्पांत आणि दोन ताऱ्यांच्या परीक्षणांत येऊन गेलेलं आहे. पेपर वेळेवर तपासून मिळत नाहीत, ही तक्रार तीनदा ऐकली, तर सरांनी लाल शाईने तपासलेल्या गणिताच्या एका पेपरचा फोटो लावावा. मुलाचं नाव झाकलेलं, पालकाची परवानगी घेतलेली, प्रत्येक चुकीशेजारी कुठे अडलं ते लिहिलेलं. चाचणीनंतर किती दिवसांत पेपर परत मिळतो हे त्याखाली. शेजारी आठवड्याचं वेळापत्रक, प्रत्येक तासाला कोण शिकवणार त्याच्या नावासह. बॅचमध्ये वीसच मुलं, आणि त्या खोलीचा रिकामा असतानाचा खरा फोटो, बाकं मोजता येतील असा. निवृत्त बाईंकडे पालक जातात ते ओळखीच्या भरवशावर. अनोळखी क्लासला तो भरवसा अशा दिसणाऱ्या, तपासता येणाऱ्या गोष्टींनीच कमवावा लागतो.

शिक्षकांची नावं लावायची म्हटल्यावर विज्ञानाच्या अर्धवेळ शिक्षकाचा प्रश्न येतो. तो एखाद्या शाळेत नोकरीला असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. नाव लपवून काम भागवणं म्हणजे पालकांच्या "बोर्डावर एक, वर्गात दुसरे" या तक्रारीत भर घालणं. म्हणजे वेबसाइटच्या विचारपुशीतून नेमणुकीचाच निर्णय बदलतो: शाळेत नोकरी नसलेला शिक्षक शोधायचा, आणि तो डिसेंबरपर्यंत. त्याचं नाव नसलेलं वेळापत्रक जानेवारीत लावता येणार नाही.

एका पानावर

एवढं झाल्यावर वेबसाइट बनवणाऱ्याला द्यायचा कागद एका पानाचाच निघतो. वर उद्दिष्ट: जूनपर्यंत नवी एकवीस मुलं, चौकशी केलेल्या दोघांमागे एक. मग वाचणारा कोण: डोंबिवली पश्चिमेतले आईवडील, लोकलमध्ये किंवा रात्री दहानंतर फोनवर बघणारे, क्लासचं नाव आधी ऐकलेले. त्यावरून बनवणाऱ्यासाठी काही अटी आपोआप येतात. गाडीत नेटवर्क तुटतं, म्हणून पान हलकं हवं, मोठे व्हिडिओ आणि सरकणारी चित्रं नकोत. रात्री फोन करता येत नाही, म्हणून व्हॉट्सॲपचं बटण वर हवं. चौकशीच्या अर्जात पालकाचं नाव, नंबर आणि इयत्ता एवढंच विचारायचं. मुलाचं नाव, शाळा, मागचे गुण तिथे नकोत, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि पहिल्या चौकशीला ती माहिती लागतही नाही. मजकूर मराठीत, कारण पालक गप्पांत मराठीच बोलले. 'सेमी', 'बॅच', 'डेमो' हे शब्द मात्र तसेच, कारण ते तसंच शोधतात.

काय नको, त्याची ओळही हवी: लॉग-इन, ॲप, ऑनलाइन चाचणी, ब्लॉग, विकत घेतलेले फोटो. ही ओळ नसली की भाव सांगणारा प्रत्येक जण आपापल्या मनाने यातलं काहीतरी धरतो आणि तीन जणांचे भाव एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. हाच कागद तिघांना दिला की तिघेही एकाच कामाचा भाव सांगतात. आमच्या जोडप्याला चार लहान पानं पुरतात, आणि त्याआधी गूगल नकाशावर क्लासची नोंद बरोबर पत्त्यासह करून घ्यावी लागते. तिला पैसे पडत नाहीत, आणि पालक आधी बघतात ते ठिकाणच.

एक मुद्दा मात्र कागदावरही मिटत नाही. फी लिहायची की नाही? पालक हवी म्हणतात. आजूबाजूला कुणीच लिहीत नाही. मॅडमचं मत आहे की लिहावी. सरांना भीती वाटते की शेजारचा क्लास दोन हजारांनी कमी करेल. दोघांचंही बरोबर असू शकतं, आणि गप्पांमधून याचा निकाल लागणार नाही. म्हणून ते फक्त दहावीची फी लिहायचं ठरवतात, आठवी-नववीची नाही, आणि मार्चअखेर रजिस्टरचे तीन रकाने उघडून दोन्हीकडे चौकशीमागे प्रवेश किती झाले ते बघतात. आकडे लहान असतील, तरी दहावीचं प्रमाण तिघांमागे एकच्या खाली गेलं तर एप्रिलमध्ये ती ओळ काढता येईल. म्हणून वेबसाइट बनवणाऱ्याला द्यायच्या कागदावर शेवटची अट हीच येते, की फीची ओळ आपल्याला स्वतः, कुणाला फोन न करता, बदलता यायला हवी.